पहिल्या भेटीचा कागद

सलूनमध्ये किंवा पार्लरमध्ये पहिल्यांदाच आलेल्या माणसाची माहिती काम सुरू करण्यापूर्वी लिहून घ्यायची, तर त्याला एक पान पुरतं. या पानाला कुणी कन्सल्टेशन फॉर्म म्हणतं, कुणी क्लायंट कार्ड. त्यावर तीन गोष्टी हव्यात: अंगाला काय सोसत नाही, काम कसं हवं आहे, आणि फोटो काढला तर तो कुठवर जाऊ द्यायचा. तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे. पहिल्या गोष्टीत चूक झाली तर माणसाला दवाखाना गाठावा लागतो. दुसरीत झाली तर तो नाराज होऊन जातो आणि पुन्हा येत नाही. तिसरीत झाली तर त्याचा चेहरा अनोळखी लोकांच्या फोनमध्ये पोचतो आणि तिथून परत आणता येत नाही. म्हणूनच तिन्ही गोष्टी एका मोठ्या परिच्छेदात कोंबून खाली एकच सही घेणं चुकीचं आहे.

ॲलर्जी विचारायची कशी

तयार छापील फॉर्मवर बहुधा एकच ओळ असते: ‘आपल्याला कसली ॲलर्जी आहे का? हो / नाही.’ बहुतेक जण ‘नाही’वर खूण करतात, आणि ते खोटं बोलत नसतात. ॲलर्जी म्हटलं की त्यांना शेंगदाणे, धूळ, एखादं इंजेक्शन आठवतं. चार वर्षांपूर्वी लग्नात लावलेल्या मेंदीच्या कोनाने बोटांवर फोड आले होते, हे त्यांच्या लेखी ॲलर्जीत बसत नाही. ‘तो कोनच खराब निघाला’ असं घरात तेव्हाच ठरून गेलेलं असतं. त्यामुळे प्रश्नात रोगाचं नाव घालण्यापेक्षा घडलेली गोष्ट विचारावी. माणसाला स्वतःचं निदान सांगता येत नाही, पण काय झालं होतं ते नीट आठवतं.

कोणत्या गोष्टी विचारायच्या, हे सलूनमध्ये काय वापरलं जातं त्यावर ठरतं. तिथल्या सगळ्या पदार्थांत जास्तीत जास्त जपून वापरावा असा पदार्थ म्हणजे केसांच्या कायमच्या रंगातलं पॅरा-फेनिलिनडायअमाइन, थोडक्यात पीपीडी. काळ्या आणि गडद तपकिरी शेडमध्ये ते किंवा त्याच्या जवळचं एखादं रसायन असतंच असतं. ट्यूबमधल्या क्रीमला स्वतःचा असा गडद रंग नसतो. त्यात डेव्हलपर, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, मिसळल्यावर रंग तयार होऊ लागतो. पीपीडीचे लहान रेणू केसाच्या आत शिरतात, तिथे एकमेकांशी जोडले जाऊन मोठे रंगीत रेणू बनतात आणि मोठे झाल्यामुळे बाहेर पडू शकत नाहीत. दहा वेळा केस धुऊनही हा रंग टिकतो तो याच कारणाने.

पण जो रेणू केसात शिरण्याइतका लहान असतो, तो टाळूच्या त्वचेतही शिरतो. तिथल्या प्रथिनांना तो चिकटला की शरीराच्या संरक्षक पेशी त्याला परका म्हणून ओळखायला शिकू शकतात. शिकण्याच्या या काळात बाहेरून काहीही दिसत नाही. काहींच्या बाबतीत हे पहिल्या-दुसऱ्या वेळी होतं, काहींच्या बाबतीत पंधरा वर्षांनी, आणि पुष्कळांच्या बाबतीत कधीच होत नाही. एकदा शरीर शिकलं की मात्र ते सहसा विसरत नाही. पुढच्या वेळी तोच पदार्थ लागला की एक ते तीन दिवसांत खाज सुटते, कानांच्या मागे आणि मानेवर पुरळ उठतं, पाणी सुटतं, आणि पापण्या सुजून डोळे उघडेनासे होतात. ‘इतकी वर्षं लावतेय, मला कधी काही झालं नाही’ हे वाक्य पार्लरमध्ये रोज ऐकू येतं. ते खरंच असतं, पण त्यावरून उद्याचं काही सांगता येत नाही.

दुसरी अडचण काळ्या मेंदीची. मेंदीच्या पानाचा रंग केशरी-लाल असतो. हातावर तो एक-दोन दिवसांत गडद तपकिरी होतो, पण कोळशासारखा काळा होत नाही. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुडीतली पूड पाण्यात कालवून लावल्यावर केस अर्ध्या-पाऊण तासात काळे होत असतील, तर ते काम पीपीडीचंच असतं, मेंदी सोबतीला असते. हातावर झटपट काळा रंग चढवणाऱ्या कोनांतही पीपीडी सापडलेलं आहे. केसांच्या रंगासाठी युरोपीय संघाने डोक्यावर लागणाऱ्या मिश्रणात २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. काळ्या मेंदीच्या गोंदणात त्याच्या कितीतरी पट प्रमाण आढळलं आहे, आणि ते थेट कातडीवर तासन्‌तास राहतं. म्हणजे जी बाई ‘मी डाय लावत नाही, फक्त मेंदी लावते’ असं अभिमानाने सांगते, तिच्या शरीराची पीपीडीशी ओळख कदाचित डाय लावणाऱ्या शेजारणीपेक्षा जास्त झालेली असते. फॉर्मवर नुसतं ‘डाय वापरता का?’ असं विचारलं तर ती प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहील.

म्हणून पहिला प्रश्न असा असावा: ‘केसांचा रंग, काळी मेंदी किंवा झटपट रंगणारा कोन लावल्यावर त्याच दिवशी किंवा पुढच्या तीन दिवसांत खाज, पुरळ, फोड किंवा डोळ्यांभोवती सूज आली होती का?’ यातले ‘पुढच्या तीन दिवसांत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. शनिवारी लावलेल्या रंगाचा त्रास सोमवारी झाला, तर लोक त्याचा दोष रविवारच्या जेवणाला देतात.

दुसरा प्रश्न रोजच्या वस्तूंवरून विचारता येतो: टिकली, खोटे दागिने, चिकटपट्टी किंवा रबरी हातमोजे यांनी कधी खाज, डाग किंवा पुरळ आलं का? टिकलीच्या डिंकाने कपाळावर खाज येते आणि काहींना तिथे पांढरा डागही पडतो. अशा माणसाला चिकट पदार्थ जपून लावायचे. खोट्या दागिन्यांतल्या निकेलचा त्रास असेल तर धातूच्या क्लिपा बाजूला ठेवून प्लॅस्टिकच्या घ्यायच्या. चिकटपट्टीचा त्रास राळेमुळे असू शकतो, आणि तीच राळ पुष्कळ वॅक्समध्ये असते. रबराचा त्रास असेल तर रंग लावणाऱ्या मुलीने लॅटेक्सऐवजी नायट्राइलचे हातमोजे घालायचे.

तिसरा प्रश्न औषधांचा, पण तो ‘कोणती औषधं चालू आहेत?’ असा मोघम नको. वॅक्सिंग करणाऱ्याला नेमकं हवं ते असं: ‘मुरुमांसाठी गोळ्या किंवा रात्री लावायचं क्रीम चालू आहे का, किंवा गेल्या सहा महिन्यांत होतं का?’ मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी त्वचा इतकी नाजूक होते की वॅक्सच्या पट्टीबरोबर वरची कातडीही निघू शकते, आणि गोळ्या थांबवल्यावरही साधारण सहा महिने थांबायला सांगतात. ट्रेटिनॉइनसारख्या क्रीमचाही तसाच धोका असतो. वरच्या ओठावर वॅक्स करून घेतल्यावर लालभडक ओरखडा उठलेली मुलगी पार्लरवालीच्या हाताला दोष देते. प्रत्यक्षात कारण तिच्या उशाशी ठेवलेल्या ट्यूबमध्ये असतं.

प्रत्येक प्रश्नाला हीच कसोटी लावावी की उत्तर ‘हो’ आलं तर सलूनमधलं कुणी काही वेगळं करणार आहे का. वेगळं काही होणार नसेल तर तो प्रश्न कागदावर नको. कावीळ किंवा एचआयव्हीविषयीचे प्रश्न याच कसोटीवर गळतात. दाढीला नवीन ब्लेड आणि स्वच्छ केलेली हत्यारं प्रत्येकाला मिळायला हवीत, मग त्याने काहीही लिहिलेलं असो. असा प्रश्न विचारून समोरच्याचा अपमान तेवढा होतो, संरक्षण कुणाचंच होत नाही.

कानामागची चाचणी

फॉर्मवरच्या उत्तरांनंतर रंगाची बारी आली की पुढची पायरी चाचणीची. भारतात पीपीडी किंवा त्या जातीचे रंग असलेल्या डायच्या वेष्टनावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषांत इशारा छापणं सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांनुसार सक्तीचं आहे. आत दिलेल्या सूचनेत कृतीही असते. कानामागची किंवा कोपराच्या खालची आतल्या बाजूची थोडी जागा साबण-पाण्याने स्वच्छ करायची, वापरायचं तसं तयार केलेलं मिश्रण थोडंसं लावून वाळू द्यायचं, चोवीस तासांनी हलक्या हाताने धुवायचं आणि त्वचा बघायची. ही चाचणी प्रत्येक वेळी करायची, आणि हा रंग भुवयांना किंवा पापण्यांना कधीही लावायचा नाही, कारण त्याने डोळ्याला गंभीर इजा होऊन दृष्टीही जाऊ शकते. भुवया ‘मॅचिंग’ करून मागणारे ग्राहक कमी नाहीत, म्हणून या शेवटच्या सूचनेची आठवण फॉर्मच्या मागेच छापून ठेवलेली बरी.

चोवीस तास हा कमीत कमी काळ समजावा. प्रतिक्रिया यायला दोन दिवसही लागतात, त्यामुळे जमेल तिथे अठ्ठेचाळीस तास थांबणं शहाणपणाचं. चाचणीचा एक छोटा चौकोन फॉर्मवरच हवा: कोणता रंग, कोणती शेड, कुठे लावला, तारीख, वेळ, आणि कधी बघून काय दिसलं. ‘टेस्ट केली, ओके’ एवढंच लिहिलेल्या नोंदीचा पुढे कुणालाच उपयोग होत नाही. चाचणी एका रंगाची आणि डोक्यावर दुसराच लावला, असं घाईत नेहमी होतं, आणि ते या चौकोनामुळे लगेच दिसतं.

चाचणीच्या दोन मर्यादा ग्राहकाला सांगायलाच हव्यात. त्वचा स्वच्छ दिसली म्हणजे धोका पूर्ण टळला असं नाही; कानामागे थेंबभर लावणं आणि संपूर्ण टाळूवर अर्धा तास ठेवणं यांत फरक आहे. आणि ज्याला पूर्वी रंगाने किंवा काळ्या मेंदीने फोड आले आहेत, त्याच्यावर सलूनमध्ये चाचणी करूच नये. त्या थेंबानेही त्याला जोराचा त्रास होऊ शकतो. त्याने त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. तिथे पाठीवर ठरावीक प्रमाणातल्या पदार्थांच्या पट्ट्या लावून दोन दिवसांनी आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात.

हे सगळं प्रत्यक्षात कसं उतरतं, ते एका साध्या प्रसंगातून दिसेल. गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता शेहेचाळीस वर्षांची एक शिक्षिका पार्लरमध्ये पहिल्यांदाच येते. शनिवारी भाचीचं लग्न आहे, भांगात पांढरे केस दिसताहेत, तिला ‘रूट टच-अप’ हवा आहे. पार्लरची ताई खुर्चीवर केप बांधण्याआधी तिला बाकावर बसवते आणि कागद समोर धरते. ‘काकू, मी वाचते, तुम्ही सांगा,’ म्हणते. ॲलर्जी? नाही. डाय? नाही, फक्त मेंदी. कोणती मेंदी? काळी, दुकानातली छोटी पुडी, महिन्यातून एकदा, सात-आठ वर्षं. मग तो पहिला प्रश्न येतो. बाई थांबते. मागच्या वर्षी पुडी लावल्यावर दुसऱ्या दिवशी कानांची पाळी खाजली होती आणि मानेवर बारीक पुरळ आलं होतं, पण उन्हाळा होता. त्याआधी एका हळदीकुंकवाला कोन लावला, तेव्हा तळहातावर नक्षीच्या आकारात फोड उठले होते.

नक्षीच्या आकारात, इथे ताईचं पेन थांबायला हवं. तिखटाने किंवा साबणाने झालेली आग जिथे लागली तिथे लगेच होते आणि धुतल्यावर तासाभरात उतरू लागते. रेषा-रेषांनी उठलेले आणि दुसऱ्या दिवशी आलेले फोड मात्र त्या रंगानेच शरीर बिथरल्याचं सांगतात. त्यानंतर महिन्या-महिन्याला लावलेल्या पुड्या, मग कानांची खाज, असा चढता क्रम आहे. वेळेचा हिशेबही सोपा आहे: गुरुवारी सहाला लावलेला रंग शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारपर्यंत कधीही उलटेल, म्हणजे नेमका लग्नाच्या दिवशी.

ताई कागदाच्या डोक्यावर लाल पेनाने लिहिते: ‘पीपीडी टाळणे. काळी मेंदी व कोनाने फोड. इथे चाचणी करू नये.’ बाईला सांगते, ‘काकू, रंग आज नाही, उद्याही नाही. ती पुडीसुद्धा आता लावू नका.’ लग्नापुरतं भांगावर लावायचं पावडरचं किंवा कांडीचं तात्पुरतं आच्छादन, जे त्याच रात्री धुऊन निघतं, तेही लावण्याआधी डब्यावरचे घटक वाचून घ्यायचे. पुढे कधी निव्वळ पानांची मेंदी चालत असेल तर केस तांबूस होतील, हे मान्य असावं लागतं. ‘अमोनिया-फ्री’ लिहिलेला डबा हा उपाय नव्हे. अमोनिया नसतो, पण पीपीडी किंवा त्याचा भाऊबंद बहुधा असतोच. तोंडाच्या दुखऱ्या जागी लावायच्या बधिर करणाऱ्या जेलमध्ये बेंझोकेन असतं, आणि त्यानेही अशा माणसाला त्रास होऊ शकतो, हे ती बाईला डॉक्टरांना विचारायला सांगते. त्या दिवशी पार्लरला रंगाचे पैसे मिळत नाहीत. बाई केस सेट करून घेऊन जाते.

या प्रसंगात कागद नसता तर काय झालं असतं, याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत. आणि समजा रंग लावल्यावर त्रास सुरू झालाच, तर केस लगेच भरपूर पाण्याने आणि सौम्य शाम्पूने धुवायचे, सूज वाढत असेल तर डॉक्टरांकडे जायचं. ओठ किंवा जीभ सुजून श्वास लागत असेल तर वाट न बघता १०८ वर फोन करायचा. हा क्रमांकही कागदाच्या मागे असावा.

‘दोन बोटं’ म्हणजे किती

आवडीनिवडीचा भाग लहान असतो, पण भांडणं इथूनच सुरू होतात. कारण त्यातले शब्द सैल आहेत. ‘थोडेसेच कापा’, ‘खालून दोन बोटं’, ‘नेहमीसारखं’. बोटं आडवी की उभी, हेच दोघांच्या मनात वेगळं असू शकतं. आडवी दोन बोटं म्हणजे सव्वा-दीड इंच, उभं बोट म्हणजे तीन इंच. एका मॉडेलने दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलच्या सलूनविरुद्ध केलेली तक्रार अशीच होती. २०१८ साली तिने खालून चार इंच कापायला सांगितलं आणि डोक्यावर जेमतेम चार इंच ठेवून बाकीचे केस गेले, असं तिचं म्हणणं होतं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये तिला दोन कोटींची भरपाई दिली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम रद्द केली, कारण एवढ्या रकमेला पुरावा हवा होता, आणि प्रकरण पुन्हा आयोगाकडे पाठवलं. ‘चार इंच’ हे शब्द बोलण्यात किती सहज उलटे होतात, हे या प्रकरणातून कळतं.

त्यामुळे फॉर्मवर दोन आकडे असावेत: किती कापायचे, आणि कापल्यावर केस कुठपर्यंत राहायला हवेत. दुसरा आकडा अंगावर दाखवून घ्यायचा: हनुवटी, खांदा, काखेची रेघ, ब्लाउजची पाठ. लिहिणाऱ्याने तो मोठ्याने वाचून दाखवायचा. कुरळ्या केसांच्या बाबतीत हे वाळलेल्या केसांवर ठरवायचं, कारण ओले ताणलेले केस वाळल्यावर वर चढतात आणि दीड इंचाचे तीन इंच वाटू लागतात.

बाकीच्या नोंदी छोट्या आहेत, पण रोज उपयोगी पडणाऱ्या. पुरुषांच्या दाढीला वस्तरा की फक्त मशीन, आणि मशीनला कितीची गार्ड. काम बाईनेच करावं की पुरुषाने केलं तरी चालेल. मानेला त्रास असेल तर बेसिनवर मान मागे टाकायची का. मालिशला जोर किती. काहींना प्राण्यांपासून केलेली उत्पादनं चालत नाहीत. मधमाश्यांचं मेण आणि लोकरीतलं लॅनोलिन असलेलं क्रीम त्यांना आधी सांगून लावायचं. काही घरांत श्रावणात किंवा ठरावीक वारी केस कापत नाहीत. ते कळलं तर आठवणीचा मेसेज नको त्या दिवशी जात नाही. आणि ‘गप्पा नकोत’ हीसुद्धा एक आवड आहे. दिवसभर वर्गात बोलून आलेल्या शिक्षिकेला ती तोंडाने सांगायला संकोच वाटतो. कागदावर मात्र ती बिनदिक्कत खूण करते.

फोटोची परवानगी

फोटोचा भाग वेगळ्या चौकटीत आणि वेगळ्या सहीने घ्यावा. काम करून घेणं आणि फोटो देणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. फोटो नको म्हणणाऱ्या माणसाचं काम तितक्याच नीट व्हायला हवं, आणि हे वाक्य चौकटीच्या वरच छापलेलं असावं.

‘फोटो काढायला परवानगी आहे’ ही एक ओळ पुरत नाही, कारण एका फोटोचे चार वेगवेगळे प्रवास होऊ शकतात. पहिला, तो फक्त नोंदीसाठी राहतो: पुढच्या वेळी कोणती शेड कशी उतरली होती हे बघायला. दुसरा, दुकानातल्या अल्बममध्ये लागतो, जिथे येणारी-जाणारी माणसं बघतात. तिसरा, इन्स्टाग्रामवर किंवा व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर जातो, पण चेहरा न दिसता. चौथा, चेहऱ्यासह जातो. चारही ओळींसमोर ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन मोकळे चौकोन ठेवावेत, आधीच खूण केलेला एकही नसावा. रिकामी ओळ म्हणजे ‘नाही’. अनेक बायका नोंदीसाठी आनंदाने ‘हो’ म्हणतात आणि इन्स्टाग्रामला ‘नाही’. एकच प्रश्न असता तर त्या सगळ्यालाच ‘नाही’ म्हणाल्या असत्या, किंवा संकोचून सगळ्यालाच ‘हो’.

चेहरा कापला म्हणजे ओळख लपली, असं मात्र नसतं. छोट्या गावात पाठीमागून काढलेल्या फोटोतही वेणीची लांबी, मानेवरचा तीळ, मनगटावर गोंदलेलं नाव, मंगळसूत्राच्या वाट्या यांवरून माणूस ओळखू येतो. सलूनमध्ये तर समोर भिंतभर आरसा असतो. पाठमोऱ्या फोटोत आरशातून चेहरा दिसतो, आणि कधी कधी बाजूच्या खुर्चीवर फेस लावून बसलेली भलतीच बाई दिसते, जिला कुणी काहीच विचारलेलं नसतं. त्यामुळे काढलेला फोटो जाण्यापूर्वी त्या माणसाला पडद्यावर दाखवून, ‘हा चालेल का?’ असं विचारलं पाहिजे. सही कामाच्या आधी, फोटोची निवड कामानंतर.

काही प्रसंगांत जास्त जपावं लागतं. नवरीचा मेकअप लग्नाआधी स्टेटसवर आला तर सासरच्या मांडवात पोचण्याआधी तिचा चेहरा सगळ्यांनी बघितलेला असतो. म्हणून तिच्या कागदावर ‘अमुक तारखेनंतरच’ अशी जागा हवी. हिजाब घेणारी बाई पार्लरच्या आतल्या खोलीत मोकळ्या केसांनी बसते ती तिथे परका डोळा नाही या भरवशावर. तिथे कॅमेरा निघूच नये. चाई पडलेली टाळू किंवा विरळ झालेले केस झाकून घ्यायला आलेल्या माणसाच्या ‘आधी-नंतर’च्या फोटोत त्याच्या आजाराची बातमी असते. लहान मुलांचं जावळ काढताना आई-वडील स्वतःच हौसेने फोटो काढतात, पण सलूनने तो वापरायचा तर त्यांची लेखी परवानगी लागते. अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाच्या बाबतीत तसंच.

यामागे आता कायद्याचंही बळ आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. या कायद्यानुसार संमती मोकळेपणाने, विशिष्ट कामासाठी, समजून-उमजून आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी लागते. ती सोप्या भाषेत मागावी लागते, इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या भाषेत वाचण्याची सोय ठेवून, म्हणजे मराठीतही. आणि ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. कागदी फॉर्म कपाटात राहिला तर हा कायदा त्याला लागत नाही, पण फोनने काढलेला फोटो आणि संगणकावर चढवलेली माहिती डिजिटलच असते.

संमती मागे घेण्याची वाट फॉर्मवर एका ओळीत सांगता येते: ‘या क्रमांकावर फोटो काढून टाका एवढा मेसेज करा, आमच्या खात्यावरून तो सात दिवसांत काढला जाईल.’ सोबत हेही लिहावं, की तोवर दुसऱ्या कुणी तो उतरवून घेतला असेल तर तो परत आणणं सलूनच्या हातात नाही. हे आधी कळल्यावर काही जण ‘हो’चं ‘नाही’ करतील. तो त्यांचा हक्क आहे.

कागद राहतो कुठे

भरलेला कागद काउंटरवर उघडा पडला तर त्याचा हेतूच बुडतो, कारण पुढचा ग्राहक तो वाचतो. कुलूप लागणारी एक फाइल, आडनावाच्या क्रमाने, आणि लाल पेनाची ओळ सगळ्यात वर, म्हणजे ताई सुट्टीवर असली तरी नवीन मुलीच्या नजरेतून ती सुटत नाही. नाव आणि फोन नंबर पुरतो. आधार क्रमांक, पत्ता, जन्मतारीख यांची गरज नाही. खाली ‘कोणत्याही त्रासास पार्लर जबाबदार राहणार नाही’ अशी ओळ छापायचा मोह टाळावा. ती वाचून ग्राहक माहिती सांगण्याऐवजी सावध होतो, आणि हलगर्जीपणा झाला असेल तर त्या ओळीने तो झाकलाही जात नाही.

फोटो काम करणाऱ्या मुलीच्या स्वतःच्या फोनवर काढले तर ते तिच्या खात्यात आपोआप साठत जातात, आणि ती नोकरी सोडून गेली की तिच्याबरोबर जातात. त्यासाठी दुकानाचा वेगळा फोन असावा, निदान फोटो त्याच दिवशी दुकानाच्या फोनवर घेऊन मुलीच्या फोनमधून आणि तिच्या ‘बिन’मधूनही काढावेत.

पुढच्या प्रत्येक भेटीला सगळा फॉर्म पुन्हा भरून घ्यायची गरज नसते. रंग, वॅक्स किंवा स्मूदनिंगच्या आधी एकच प्रश्न विचारायचा: ‘मागच्या वेळेनंतर काही नवीन औषध, काही नवीन त्रास?’ उत्तरासमोर तारीख घालायची, ‘काही नाही’ असलं तरी. वर्षातून एकदा फोटोची चौकट पुन्हा समोर ठेवायची, कारण कुमारिकेचं लग्न होतं, कुणी नोकरी बदलतं, आणि पूर्वीचा ‘हो’ आता तसाच राहिलेला असेलच असं नाही. दोन-तीन वर्षं न फिरकलेल्या माणसाचा कागद फाडून टाकायचा आणि नोंदीसाठी ठेवलेले त्याचे फोटोही काढून टाकायचे. तो परत आला तर पाच मिनिटांत नवीन भरता येतो.